लहान गुणक दिसला की पद खोडायचं?

> "समीकरण मितिरहित करणं म्हणजे चलांना नवी नावं देणं, बाकी काही नाही. मोजपट्टी कुठलीही घ्या, फरक पडत नाही. ज्या पदाचा गुणक लहान दिसेल ते सरळ खोडा आणि उरलेलं सोडवा. आता संगणक आहे, त्यामुळे हे सगळं करायची गरजही उरलेली नाही."

वरची चार वाक्यं कितपत खरी आहेत? हवेत बोलण्यापेक्षा एक समीकरण हातात घेऊन पाहू. स्प्रिंग आणि डॅम्पर यांना जोडलेला एक छोटा ठोकळा आहे. सुरुवातीला तो समतोलाच्या जागी स्थिर आहे. त्याला अचानक टोला बसतो आणि तो `v` वेगाने निघतो.

```
m x'' + c x' + k x = 0,   x(0) = 0,   x'(0) = v
```

आकडे असे घेऊ: वस्तुमान `m` = ०.०१ किलोग्रॅम, अवमंदन `c` = २ किलोग्रॅम प्रति सेकंद, स्प्रिंगचा स्थिरांक `k` = ४ किलोग्रॅम प्रति सेकंद वर्ग, आणि `v` = २ मीटर प्रति सेकंद.

तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. वरचे गुणक पाहिले तर ०.०१, २ आणि ४. सगळ्यात लहान आहे तो `m`, म्हणजे `x''` चं पद खोडायचं. ठीक आहे. आता तेच समीकरण सेकंदाऐवजी मिलिसेकंदात लिहा. वस्तुमान ०.०१ च राहतं, पण `c` होतो ०.००२ आणि `k` होतो ०.०००००४. आता `m` सगळ्यात मोठा, आणि याच नियमाने खोडायची वेळ स्प्रिंगवर येते. ठोकळा तोच, डॅम्पर तोच, फक्त घड्याळाचं एकक बदललं. मुळात या तीन गुणकांची मिती वेगवेगळी आहे, त्यामुळे त्यांच्यात लहान कोण आणि मोठा कोण हा प्रश्नच विचारता येत नाही. तो विचारता यावा म्हणूनच समीकरण आधी मितिरहित करायचं असतं.

ते कसं करायचं ते पाहू. अंतरासाठी एक मोजपट्टी `L` आणि वेळेसाठी `T` घ्यायची, आणि `x = L X`, `t = T τ` असं मांडायचं. दोन्ही सध्या मोकळ्या आहेत. समीकरणात घातल्यावर प्रत्येक पदात `L` येतो आणि भागाकारात निघून जातो. उरतं ते असं, आणि इथून पुढे डॅश म्हणजे `τ` च्या सापेक्ष विकलन:

```
(m/T²) X'' + (c/T) X' + k X = 0
```

आता तीन गुणकांची मिती एक झाली. यातले कुठलेही दोन सारखे होतील असा `T` निवडता येतो. तीन गुणकांच्या जोड्या तीन, म्हणून `T` चे पर्यायही तीन.

पहिले दोन सारखे केले, म्हणजे जडत्व आणि डॅम्पर यांची जोडी लावली, तर `T = m/c`, आपल्या आकड्यांत ०.००५ सेकंद. डॅम्पर आणि स्प्रिंग यांची जोडी लावली तर `T = c/k`, म्हणजे ०.५ सेकंद. जडत्व आणि स्प्रिंगची लावली तर `T = √(m/k)`, म्हणजे ०.०५ सेकंद. तिन्ही वेळा समीकरणात एकच संख्या उरते, `ε = mk/c²`. ती इथे ०.०१ आहे, आणि कुठल्याही एककांत ०.०१ च राहते. पण ती कुठे बसते ते पाहा:

```
T = m/c      :    X'' +    X' + ε X = 0
T = c/k      :  ε X'' +    X' +   X = 0
T = √(m/k)   :    X'' + 10 X' +   X = 0     (10 = 1/√ε)
```

मोजपट्टी कुठलीही घ्या म्हणणाऱ्याने या तीन ओळींकडे जरा वेळ बघावं. पहिल्या ओळीत नगण्य आहे ती स्प्रिंग. दुसऱ्या ओळीत जडत्व. तिसरी ओळ तर स्वतःच तक्रार करते आहे: ज्या दोघांना मुख्य मानून आपण मोजपट्टी काढली, त्यांच्यापेक्षा बाजूला ठेवलेलं पद दहापट मोठं निघालं. चुकीची जोडी लावल्याची ही नेहमीची खूण. गृहीतच मोडलं, म्हणजे या ठोकळ्याच्या गतीत ०.०५ सेकंद ही वेळ कुठेच महत्त्वाची नाही. गंमत म्हणजे बरेच जण सवयीने हीच मोजपट्टी उचलतात, कारण दोलनाच्या धड्यात तीच असते.

पहिली आणि दुसरी ओळ मात्र दोन्ही खऱ्या आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी. टोला बसल्यावरचे काही मिलिसेकंद पहिल्या ओळीचे. डॅम्पर ठोकळ्याचा वेग खातो आणि स्प्रिंग अजून ताणलीच गेलेली नसते. स्प्रिंग विसरून हिशेब केला तर ठोकळा एकूण `mv/c` इतकं अंतर जातो, म्हणजे १ सेंटिमीटर. `L` म्हणून हेच घ्यायचं. मग सुरुवातीच्या अटी `X(0) = 0`, `X'(0) = 1` अशा साध्या होतात, आणि पहिल्या ओळीत `ε` शून्य मानला की उत्तर येतं `X = 1 − e^(−t/0.005)`. त्यानंतर दुसरी ओळ सुरू होते: स्प्रिंग ठोकळ्याला सावकाश परत ओढते, डॅम्पर विरोध करतो, आणि जडत्वाला काही काम उरत नाही. तिथलं उत्तर `X = e^(−t/0.5)`. दोन्ही सांधली की संपूर्ण गती:

```
X ≈ e^(−t/0.5) − e^(−t/0.005)
```

हे अचूक उत्तराशी ताडून पाहता येतं, कारण समीकरण रेषीय आहे आणि हाताने सुटतं. अचूक गणितात ठोकळा ०.०२३४ सेकंदाला सगळ्यात लांब पोचतो, ०.९६४ सेंटिमीटरवर. सांधलेल्या सूत्रात तो ०.०२३३ सेकंदाला ०.९४५ सेंटिमीटरवर येतो. चूक दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे `ε` च्या दुप्पट. एवढी अपेक्षितच होती.

आता "सरळ खोडा आणि उरलेलं सोडवा" करून पाहा. दुसऱ्या ओळीतून `ε X''` काढलं की उरतं `X' + X = 0`, आणि सुरुवात `X(0) = 0`. याचं उत्तर शून्य. ठोकळा हललाच नाही! टोल्याचा वेग सांगायला समीकरणात जागाच उरली नाही, कारण सगळ्यात वरच्या क्रमाचं विकलन खोडलं की एक प्रारंभिक अट आपोआप बाहेर पडते. ही खूण कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे: लहान गुणक सर्वोच्च विकलनावर बसलेला असेल तर खोडण्याआधी अटी मोजा.

पण गुणक तर लहान होता, मग पद मोठं कसं झालं? पद म्हणजे गुणक गुणिले विकलन. दुसऱ्या मोजपट्टीत मोजलं तर टोल्याच्या क्षणी `X'` असतं १०० आणि `X''` सुमारे −१०,०००. म्हणजे `ε X''` भरतं जवळजवळ −१००, अगदी `X'` च्या तोडीस तोड. अर्ध्या सेकंदानंतर मात्र `X''` आणि `X'` एकाच प्रतीचे असतात आणि तेच पद खरोखर शंभरात एक होतं. म्हणून कुठलंही पद टाकल्यावर आलेलं उत्तर त्या टाकलेल्या पदात घालून तपासावं. `e^(−τ)` घातलं तर `ε e^(−τ)` मिळतं, लहानच. तेवढ्या काळापुरती परवानगी मिळाली.

`L` चं काय? आपलं समीकरण रेषीय आहे, म्हणून `L` निघून गेला आणि निवड फारशी बोचली नाही. पण स्प्रिंगमध्ये `k₃ x³` असं आणखी एक पद असतं तर स्प्रिंगच्या मूळ पदाच्या तुलनेत त्याचा गुणक `k₃ L²/k` झाला असता. कुणी सहज म्हणून `L = v·c/k` घेतला, म्हणजे १ मीटर, तर हा गुणक खऱ्यापेक्षा १०,००० पट मोठा दिसला असता आणि नसलेल्या अरेषीयतेच्या मागे दिवस गेले असते. अशी चूक ओळखू येते, कारण मग `X` सगळा वेळ ०.०१ च्या आत घोटाळतो. मोजपट्टी बरोबर असेल तर चल १ च्या आसपास पोचलं पाहिजे.

नवी नावं देण्याबद्दल एवढंच म्हणेन की बीजगणिताच्या नजरेने ते खरं आहे. पण `m`, `c`, `k`, `v` हे चार पॅरामीटर होते आणि उरला एक. वस्तुमान, लांबी आणि वेळ अशा तीन स्वतंत्र मिती, म्हणून चारातून तीन गेले. बकिंगहॅमचा १९१४ सालचा पाय-सिद्धांत हाच हिशेब सांगतो. उरलेला `ε` मात्र कितीही नावं बदलली तरी जात नाही. आणि तो लहान असेलच याची हमी नाही. ठोकळा ०.२ किलोग्रॅमचा केला तर `ε` होतो ०.२, `T` च्या तिन्ही किमती ०.१ ते ०.५ सेकंदांत दाटीने बसतात आणि एकही पद टाकता येत नाही. पॅरामीटर तरीही एकच राहतो, पण कोण वरचढ याचं उत्तर "कोणीच नाही" असं येतं.

राहिला संगणक. एकाच ठोकळ्याचा एकच आलेख हवा असेल तर खुशाल सॉल्व्हर चालवा, माझी हरकत नाही. पण चारही पॅरामीटरच्या दहा-दहा किमती तपासायच्या म्हटल्या तर १०,००० वेळा चालवावं लागेल. `ε` च्या दहा किमतींत तेच काम होतं, बाकी फक्त अक्षांवरचे आकडे बदलायचे. शिवाय सॉल्व्हरला वेळेची पायरी किती द्यायची हे कुणी सांगायचं? मागे वळतानाची गती संथ आहे, अर्ध्या सेकंदाची, म्हणून कुणी साध्या ऑयलर पद्धतीला ०.०५ सेकंदाची पायरी दिली तर दर पायरीला चूक जवळपास ८.९ पट होते आणि चिन्ह उलटतं. पडद्यावर वर-खाली उसळत मोठे होत जाणारे आकडे दिसतात. ठोकळा मात्र मुळीच दोलन करत नसतो. पायरी सुमारे ०.०१ सेकंदाच्या आत ठेवली तरच ही पद्धत टिकते, आणि हे बंधन टोल्याचा परिणाम विरून गेल्यावरही सुटत नाही. उलटी ऑयलर पद्धत वापरली तर उसळी थांबते, ०.०५ ची पायरीही चालते, पण मग ०.०२३ सेकंदाला आलेलं शिखर पहिल्याच पायरीखाली गडप होतं आणि आलेख इतका गुळगुळीत दिसतो की कुणाला शंकाही येत नाही. `m/c` आणि `c/k` यांच्यात शंभरपट अंतर आहे हे आधी कागदावर पाहिलेलं असेल तर सुरुवातीला बारीक आणि नंतर मोठी पायरी द्यायची हे सॉल्व्हर चालू करण्याआधीच ठरतं.