पाय चार्टचे पाय पाळण्यात

तर तुमच्या हातात सर्व्हेचा डेटा आला आहे, शुक्रवारचे सहा वाजले आहेत आणि सोमवारी सकाळी वागळे इस्टेटमध्ये क्लायंटपुढे रिपोर्ट मांडायचा आहे. घाबरू नका. पंधरा वर्षं मी हेच करत आलो आहे. आकडे स्पष्ट दाखवायची सवय एकदा लागली की क्लायंट प्रश्न विचारायला लागतात, हा अनुभव गाठीशी असल्यामुळे चार गोष्टी हक्काने सांगतो.

उदाहरण समोर असलेलं बरं. समजा, थालीपिठाची भाजणी पाकिटातून विकणारा एक क्लायंट आहे. तुमच्या सर्व्हे करणाऱ्या मुलींनी ठाण्याच्या गावदेवी मार्केटात, वाशीत, ऐरोलीत उन्हात उभं राहून २४० जणांना गाठलं: ठाण्यात १५०, वाशीत ७८ आणि ऐरोलीत १२. (ऐरोलीत १२ च का, तर त्या दिवशी पाऊस आला. हे रिपोर्टमध्ये लिहायचं नाही.) प्रश्न होता, 'हीच भाजणी का घेता?' लागू असतील तितकी कारणं सांगायची मुभा होती. चव म्हणणारे १४४ निघाले, दुकानात सहज मिळते म्हणणारे १०८, किंमत परवडते ८४, घरच्यासारखी लागते ७२ आणि जाहिरात पाहून घेतली म्हणणारे १२.

आता याचा पाय चार्ट करा. क्षणाचाही विचार करू नका, कारण विचार केलात तर या पाच उत्तरांची बेरीज ४२० येते आणि माणसं तर २४० च आहेत, हे लक्षात येईल. एकाच बाईने चवही सांगितली आणि किंमतही सांगितली, म्हणजे ती दोन तुकड्यांत बसली आहे. पाय चार्टला हे कळत नाही. त्याच्या लेखी जे काही दिलंय ते मिळून एक अख्खी भाकरी, त्यामुळे एक्सेल १४४ ला ४२० ने भागतं आणि चवीच्या तुकड्यावर ऐटीत ३४ टक्के लिहून मोकळं होतं. खरं उत्तर, २४० पैकी १४४, म्हणजे ६० टक्के. दहातल्या सहा जणांनी चव सांगितली आणि तुमच्या स्लाइडवर जेमतेम तिसरा हिस्सा उरला. यात तुम्ही एकही आकडा खोटा टाकलेला नाही, हीच तर या पद्धतीची गंमत. 'चव हे आता मुख्य कारण राहिलेलं नाही' असं वर ठळक अक्षरांत लिहून टाका. क्लायंट उद्या मसाला बदलेल, परवा पुन्हा सर्व्हे देईल.

पाय थ्री-डी असेल तर सोन्याहून पिवळं. थ्री-डीत पुढे आलेल्या तुकड्याची जाड कडाही दिसते, त्यामुळे तो आहे त्याहून मोठा भासतो. मार्केटिंगच्या साहेबांना जाहिरातीवर खर्च केल्याचं समाधान हवं असेल तर `Angle of first slice` फिरवत फिरवत त्यांचा तुकडा पुढे आणा. १२ जणांचंही नशीब उजळतं.

पुढची स्लाइड पाकिटाची. जुन्या पाकिटाला पाचपैकी सरासरी ३.९ गुण मिळाले, नव्याला ४.१. इथे तुम्हाला काहीच करावं लागत नाही, बार चार्ट काढा आणि हात बांधून बसा. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल आपणहून अक्ष शून्यापासून सुरू करत नाही, ३.८ च्या आसपास कुठेतरी सुरू करतं. मग जुन्या पाकिटाच्या बारला वर यायला उरतो ०.१, नव्याला ०.३, आणि पडद्यावर नवं पाकीट जुन्याच्या तिप्पट उंच उभं राहतं. बारची लांबी हाच त्याचा आकडा असतो, लांबी पायथ्याशी छाटली की आकडाच छाटला, असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. किती जणांनी ५ दिले, किती जणांनी १ दिला, ही वाटणी दाखवायच्या फंदात तर मुळीच पडू नका. नवं पाकीट निम्म्यांना फार आवडलं आणि काहींना अजिबात नाही, असलं काहीतरी त्यातून उघडं पडतं. सरासरी बिचारी मध्ये शांत बसून असते.

मग भागवार निकाल. इथे रेषा वापरा. ठाणे, ऐरोली, वाशी असे तीन ठिपके ठेवून ते जोडले की लोकल धावल्यासारखं वाटतं, आणि ठाणे-ऐरोलीच्या मध्ये दिघा गावातही काही टक्के मिळाले असावेत असा आपोआप भास होतो. कुठल्या महिन्यात किती, असल्या काळाच्या क्रमासाठीच रेषा असते हा जुना समज आहे.

खरी कारागिरी मात्र टेबलात आहे. 'मैत्रिणीला सुचवाल का?' या प्रश्नाला ऐरोलीत १२ पैकी ९ हो म्हणाल्या, ठाण्यात १५० पैकी ९६. तर टेबलात लिहा: ऐरोली ७५.०० टक्के, ठाणे ६४.०० टक्के. दशांशाखालची ती दोन शून्यं फार कामाची, जणू प्रयोगशाळेतून मोजून आणलीत. बेसची ओळ, म्हणजे कुठल्या रकान्यात किती माणसं आहेत ती, काढून टाका. तीसपेक्षा कमी बेस असलेल्या रकान्यावर चांदणी टाकून खाली 'बेस लहान, जपून वाचा' असं लिहायची काही ऑफिसांत पद्धत आहे. तसलं लिहिलं की क्लायंट खरंच जपून वाचतो. ऐरोलीत एक बाई म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. दोघींनी मत बदललं असतं तर ऐरोली ५८ वर येऊन ठाण्याच्या खाली गेली असती. पण टेबलात दोघी दिसत नाहीत, टक्के दिसतात. 'ऐरोली आघाडीवर' हे शीर्षक घ्या आणि तिथे दुकान उघडायची शिफारस करा. भाडं तुम्हाला भरायचं नाही.

एकच खबरदारी घ्या. आमच्याकडे फील्डचं काम बघणाऱ्या एक ताई आहेत. एकदा अशाच सोमवारी त्यांना मीटिंगला नेण्याची चूक माझ्या हातून झाली. पडद्यावर पाच रंगांचा पाय गरगर फिरत असताना त्यांनी कोटा शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनने पाच आडव्या पट्ट्या ओढल्या. सगळ्यात मोठं कारण वर, सगळ्यात लहान खाली. पट्ट्या आडव्या, कारण 'घरच्यासारखी लागते' हे उभ्या बारखाली तिरकं बसतं आणि मान वाकडी करून वाचावं लागतं. प्रत्येक पट्टीच्या टोकाला टक्का, दशांश नाही. रंग एकच, पेनाचा निळा. आणि खाली बारीक अक्षरात किती जणांना विचारलं तो आकडा, आणि 'एकाहून जास्त उत्तरं, त्यामुळे बेरीज १०० च्या वर जाईल.'

कागद क्लायंटच्या हातात गेला. त्यांनी तो अर्धा मिनिट पाहिला, मग पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यातलं कुठलं खरं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पुढच्या स्लाइडवर येतो त्यावर. पुढच्या स्लाइडवर ऐरोली होती.