ट्रिप्टेजच्या एका आकड्यावर मॅस्टोसायटोसिस ठरत नाही

"मधमाशी चावून किंवा काही खाऊन माणूस कोसळला तर रक्तातलं ट्रिप्टेज तपासा. २० च्या वर आलं तर मॅस्टोसायटोसिस, खाली आलं तर साधी ॲलर्जी. आयजीई वाढलेलं असेल तर ॲलर्जी पक्कीच. सीबीसी नॉर्मल असेल तर बोन मॅरोची काही गरज नाही, उगाच करायला लावतात. नाशिकच्या सगळ्या ग्रुपवर पाठवा."

निफाड-दिंडोरीच्या बागांत, पाण्याच्या टाक्यांखाली आणि गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असणाऱ्या या जिल्ह्यात असा मेसेज झपाट्याने फिरणं स्वाभाविक आहे. त्यातला धोकाही त्यामुळेच मोठा आहे. मॅस्टोसायटोसिस म्हणजे मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीच्या वेळी रसायनं सोडणाऱ्या पेशी, शरीरात बिघडून प्रमाणाबाहेर साठण्याचा आजार. एकच उदाहरण, समजण्यासाठी रचलेलं, शेवटपर्यंत धरून बोलू.

समजा, निफाडकडचा ४६ वर्षांचा द्राक्षबागायतदार आहे. छाटणीच्या वेळी मानेवर एकच मधमाशी चावली. दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खाली पडला. वरचा रक्तदाब ७०. अंगावर पित्त उठलेलं नाही, खाज नाही, ओठ-पापण्या सुजलेल्या नाहीत. मांडीत ॲड्रेनलिन दिल्यावर तो सावरला. डंखानंतर दीड तासाने घेतलेल्या रक्तात ट्रिप्टेज ३८ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर आलं. दहा दिवसांनी, तब्येत पूर्ण ठीक असताना, पुन्हा पाहिलं तर १६.

आता वीसची रेषा लावून पाहा. ३८ चा कागद हातात असेल तर हा मॅस्टोसायटोसिस आणि १६ चा असेल तर साधी ॲलर्जी. माणूस तोच, आजार तोच, फक्त रक्त घेण्याची वेळ वेगळी. दोन्ही निष्कर्ष चुकीच्या वाटेने काढलेले आहेत, कारण हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

ट्रिप्टेज हे मास्ट पेशींमधलं एन्झाइम. या पेशी एकदम फुटल्या की ते रक्तात येतं, तास-दीड तासात शिखर गाठतं आणि मग साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. म्हणून झटक्याच्या वेळचं रक्त अर्ध्या तासानंतर आणि चार तासांच्या आत घ्यायचं. उपचार मात्र रक्तासाठी थांबवायचे नाहीत. पेशंट दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेला तर वाढ ओसरलेली असते. दुसरा नमुना मूळ पातळीचा, म्हणजे सगळी लक्षणं गेल्यावर किमान २४ तासांनी. दोन्ही साध्या लाल किंवा जेलच्या पिवळ्या टोपणाच्या नळीत, सीरमसाठी. उपाशी राहावं लागत नाही आणि सेटिरिझिन बंद करावं लागत नाही. ते त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीआधी बंद करतात, आणि लोक दोन्ही गोष्टींची गल्लत करतात.

झटक्याचा आकडा मूळ पातळीशी ताडून पाहायचा असतो. मूळ पातळीला १.२ ने गुणा, त्यात २ मिळवा. झटक्याचा आकडा त्याच्यावर गेला तर मास्ट पेशी खरोखर फुटल्या. आपल्या शेतकऱ्याचं गणित: १.२ × १६ + २ = २१.२, आणि प्रत्यक्षात ३८. म्हणजे ही भीतीने आलेली चक्कर नव्हे, ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अचानक येणारा जीवघेणा झटका. दुसऱ्या कुणाची मूळ पातळी ४ असेल तर त्याची सीमा ६.८ वर येते. त्याचा झटक्याचा आकडा १८ आला तरी, वीसच्या आत राहूनही, ॲनाफिलॅक्सिस शाबित. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. खाण्यातून झालेल्या ॲनाफिलॅक्सिसमध्ये ट्रिप्टेज पुष्कळदा फारसं हलत नाही, त्यामुळे आकडा वाढला नाही म्हणून झटका नव्हताच असं म्हणता येत नाही.

मॅस्टोसायटोसिसच्या निकषातला २० हा आकडा फक्त मूळ पातळीसाठी आहे, आणि तोही चार दुय्यम निकषांपैकी एक. एकटा तो कधीच पुरत नाही. ट्रिप्टेजच्या अल्फा जनुकाच्या जादा प्रती वारशाने आलेल्या असतात अशी माणसं विरळ नाहीत. युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांत ती सुमारे ५ टक्के निघतात. त्यांची मूळ पातळी आयुष्यभर वरच असते, काहींची वीसच्याही वर. अशा व्यक्तीत एक जादा प्रत आणि मूळ पातळी २३ असेल, तर आकड्याला एक अधिक जादा प्रती, म्हणजे इथे दोनने भागून पाहण्याची एक रीत आहे: ११.५. म्हणजे निकष उरलाच नाही. किडनी निकामी होत चालली असेल तरी ट्रिप्टेज वाढतं, म्हणून सोबत क्रिॲटिनिन पाहिल्याशिवाय बोलू नये.

आता आयजीईचा, म्हणजे ॲलर्जीतल्या प्रतिपिंडाचा मुद्दा. एकूण आयजीई दम्यात वाढतं, जंतांमुळे वाढतं. त्यावरून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. मधमाशीच्या विषाविरुद्धचं आयजीई जास्त उपयोगी, पण ते पॉझिटिव्ह आलं की मॅस्टोसायटोसिस बाद, हा तर्क मुळातच फसतो. मास्ट पेशींचा आजार असलेल्या माणसाला विषाची खरी ॲलर्जीही असू शकते, आणि या जोडीतून जीवघेणे झटके येऊ शकतात. आयजीई फक्त काडी ओढतं, आग किती भडकणार ते मास्ट पेशींवर ठरतं. अशा रुग्णांत विषाचं आयजीई अगदी कमीही सापडतं, त्यामुळे नेहमीच्या ०.३५ च्या सीमेखाली आलं तरी डंखाचा इतिहास ठळक असेल तर ते सोडून देऊ नये. शेकडो माशा एकदम चावल्यावर होतो तो विषाचा थेट परिणाम, ती वेगळी गोष्ट. इथे प्रश्न एका-दोन डंखांचा आहे.

ॲलर्जीपासून वेगळा रस्ता दाखवतात ती लक्षणं. प्रौढ रुग्णासाठी स्पेनमधल्या डॉक्टरांनी एक सोपी गुणपद्धत तयार केली आहे, रेमा नावाची. पुरुष असेल तर अधिक १, स्त्री असेल तर वजा १. पित्त, खाज, सूज यांपैकी काहीच नसेल तर अधिक १, असेल तर वजा २. शुद्ध हरपली किंवा हरपत आली तर अधिक ३. मूळ ट्रिप्टेज १५ च्या खाली असेल तर वजा १, २५ च्या वर असेल तर अधिक २. बेरीज २ किंवा जास्त आली की पुढचा तपास करायचा. आपल्या शेतकऱ्याचे गुण: १ + १ + ३ + ० = ५. अंगावर काहीही न उमटता माणूस कोसळला, ही या आजाराची मोठी खूण आहे, आणि लोक तिलाच "पित्त उठलं नाही, म्हणजे ॲलर्जी नव्हती" असं समजून घरी पाठवतात. त्वचा मात्र कपडे काढून पाहावी. मांड्यांवर, पोटावर तपकिरी डाग आहेत का, चोळल्यावर ते फुगतात का? सावळ्या अंगावर ते सहज निसटतात.

पुढची पायरी रक्तातली किट चाचणी. प्रौढांच्या मॅस्टोसायटोसिसमध्ये बहुतेकांत किट जनुकात डी८१६व्ही हा बदल असतो. नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत जातो. इथे एक ठोकर हमखास बसते. रक्तात बदललेल्या पेशींचं प्रमाण कधी ०.१ टक्क्याच्याही खाली असतं, आणि कॅन्सरसाठीचं नेहमीचं एनजीएस पॅनल, म्हणजे अनेक जनुकं एकदम वाचणारी चाचणी, साधारण २ ते ५ टक्क्यांखालचं पाहतच नाही. त्याचा "निगेटिव्ह" इथे निरर्थक आहे. डी८१६व्हीसाठीच रचलेली पीसीआर किंवा डिजिटल पीसीआर मागा, आणि तिची शोधमर्यादा रिपोर्टवर लिहिलेली आहे का ते पाहा. ०.०१ ते ०.०३ टक्क्यांच्या आसपास असेल तर चालेल. आपल्या उदाहरणात रक्तात ०.०८ टक्के सापडले. पण रक्त निगेटिव्ह आलं तरी एवढे गुण असलेल्या माणसात मॅरो पाहावाच लागतो.

आणि सीबीसी? सौम्य प्रकारात ते बहुधा नॉर्मलच असतं. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं ठीक असताना मज्जेत आजार बसलेला असतो. सीबीसीमध्ये इओसिनोफिल वाढलेत, मोनोसाइट वाढलेत, प्लेटलेट घटल्यात असं दिसलं तर काळजी आणखी वाढते, कारण सोबत रक्ताचा दुसरा आजार असू शकतो. नॉर्मल सीबीसीने मात्र सुटका होत नाही.

मॅरो करायचा तर नीट करायचा. फक्त सुईने ओढलेला द्रव पुरत नाही, कारण मास्ट पेशींचे पुंजके तंतूंच्या जाळ्यात अडकून बसतात आणि सुईत येत नाहीत. हाडाचा तुकडा हवा, दीड-दोन सेंटिमीटर तरी. कागदावर "संशय: मास्ट पेशींचा आजार" असं लिहून द्या. नाहीतर नेहमीच्या रंगात या लांबट पेशी तंतुपेशींसारख्या दिसतात आणि रिपोर्ट "नॉर्मल मॅरो" म्हणून येतो. मास्ट पेशी ओळखणाऱ्या ट्रिप्टेज, सीडी११७ आणि सीडी२५ या तीन खुणांसाठी खास रंगचाचण्या मागायच्या. हाडाचा तुकडा ॲसिडने मऊ केला तर त्यातला डीएनए खराब होतो, म्हणून किट चाचणीसाठी द्रवाचा वेगळा नमुना आधीच ईडीटीए नळीत ठेवावा.

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या मज्जेतल्या मास्ट पेशी गोल, सुट्या-सुट्या विखुरलेल्या आणि सीडी२५ नसलेल्या असतात. मॅस्टोसायटोसिसमध्ये १५ किंवा जास्त पेशींचे घट्ट पुंजके अनेक ठिकाणी दिसतात. हा मुख्य निकष. दुय्यम निकष चार: २५ टक्क्यांहून जास्त मास्ट पेशी लांबट वा विचित्र आकाराच्या, किटमधला बदल, पेशींवर सीडी२५, सीडी२ किंवा सीडी३० असणं, आणि मूळ ट्रिप्टेज २० च्या वर. मुख्य निकषासोबत एक दुय्यम, किंवा मुख्य नसेल तर तीन दुय्यम जमले की निदान पक्कं.

आपल्या शेतकऱ्याच्या तुकड्यात मोठे पुंजके नव्हते. पण निम्म्याहून जास्त मास्ट पेशी लांबट, सीडी२५ पॉझिटिव्ह, मज्जेत किटचा बदलही सापडला. तीन दुय्यम निकष झाले आणि ट्रिप्टेजचा चौथा लागलाच नाही. १६ च्या ट्रिप्टेजवर सिस्टेमिक मॅस्टोसायटोसिस.

मेसेजमधली एक भीती मात्र रास्त आहे. प्रत्येकाला मॅरो लागत नाही. शेंगदाणा खाल्ल्यावर पित्त उठतं, मूळ ट्रिप्टेज ४ आहे, शुद्ध कधी गेली नाही, अशा माणसाला हाडात सुई घालायचं कारण नाही. लहान मुलाच्या फक्त त्वचेवर डाग असतील आणि रक्त व यकृत-प्लीहा ठीक असतील तरीही सहसा थांबता येतं.

या शेतकऱ्याला मात्र हे नाव मिळाल्याने पुढचं सगळं बदलतं. विषाची ॲलर्जी सिद्ध झाली तर विषाची इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराला सवय लावणारी विषाची इंजेक्शनं, तीन ते पाच वर्षांनी न थांबवता आयुष्यभर चालवायचा सल्ला दिला जातो, कारण थांबवल्यावर जीवघेणे झटके परत आल्याचं नोंदलेलं आहे. हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगावंच लागतं. बागेत जाताना ॲड्रेनलिन जवळ हवं. १ मिलीलिटरमध्ये १ मिलीग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिलीलिटर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. ते कसं भरायचं आणि टोचायचं हे घरातल्या दोघांना तरी डॉक्टरांसमोर शिकवून ठेवायचं, आणि टोचल्यावर माणसाला आडवं ठेवून पाय उंच करायचे. उठवून बसवलं की कमी झालेला रक्तदाब आणखी कोसळतो.