फारोसच्या दीपगृहावरचा आरसा

फॉरवर्ड असा फिरतोय : "अलेक्झांड्रियाच्या दीपगृहावर महाकाय आरसा होता. रात्री त्याचा झोत ५०० किलोमीटरवर दिसे, दिवसा त्याच आरशाने शत्रूची जहाजं जाळत!"

आधी अंतर बघू. पृथ्वी गोल असल्यामुळे १०० मीटर उंचीवरचा, म्हणजे साधारण या दीपगृहाच्या माथ्याइतक्या उंचीवरचा दिवा समुद्रसपाटीवरून फार तर ३६ किलोमीटरवरून दिसतो. डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला तो ५०च्या आसपासही दिसेल. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस ३०० स्टेडिया सांगतो, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर. ते हिशेबात बसतं. पाचशेवरून दिसायचा, तर मनोरा जवळपास २० किलोमीटर उंच हवा.

आता आरसा. दीपगृह इसवी सनपूर्व २८०च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळच्या फारोस बेटावर उभं राहिलं. त्याच काळातला कवी पोसिडिप्पस माथ्यावरच्या मोठ्या आगीबद्दल लिहितो, आरशाबद्दल नाही. आरशाच्या कथा येतात त्या हजारेक वर्षांनंतर, दहाव्या शतकातल्या अल-मसूदीसारख्या अरब लेखकांकडून. आणि आरसा असता तरी झोत कसा पडणार? अंतर्गोल आरशातून अरुंद झोत मिळतो तो नाभीवर छोटी ज्योत असेल तेव्हाच. नाभी दोन मीटरवर आणि जाळ मीटरभर रुंद धरला, तर प्रकाश जवळजवळ २८ अंशांत फाकतो. शिवाय धुराने आरशावर काजळी धरणार, आणि एका दिशेला वळवलेला आरसा बाकीच्या जहाजांच्या काय कामाचा? हालत्या, ओल्या जहाजावर लांबून ऊन एकवटून ते पेटवणंही जमत नाही.

मग तिथे होतं काय? उघडी आग. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याची तक्रार वाचा : ही आग सतत जळत राहते, म्हणून लांबून तारा समजण्याची भीती आहे. झोताबद्दल असं कोण म्हणेल?

अशी आग पोसणं किती जड जातं, ते स्कॉटलंडच्या आयल ऑफ मे बेटावर दिसतं. तिथे १६३६पासून मनोऱ्यावर लोखंडी शेगडीत दगडी कोळसा जळे. पुढे वर्षाला सुमारे ४०० टन कोळसा लागू लागला, म्हणजे रात्रीला टनाहून जास्त, आणि तो सगळा वर चढवायचा. वारा सुटला की जाळ एका बाजूला झुके, पाऊस आला की नुसता धूर. प्लिनीची भीती तिथे खरी ठरली, फक्त ताऱ्याऐवजी भट्टीमुळे. डिसेंबर १८१०मध्ये किनाऱ्यावरच्या चुनाभट्टीचा उजेड बेटावरचा समजून 'निम्फ' आणि 'पॅलस' या ब्रिटिश युद्धनौका डनबारजवळ खडकांवर फुटल्या.

या बेटावर तेलाचे दिवे आणि चांदीचा मुलामा दिलेले परावर्तक आले ते १८१६मध्ये. ज्योत लहान झाली, तेव्हा कुठे आरशाचा उपयोग झाला.