मराठी चांगलं, उत्तर चुकीचं

चौथीतल्या भाचीने परवा एक गणित सोडवलं. ‘बाईंकडे ३० पेन्सिली होत्या. त्यांनी ६ मुलांना प्रत्येकी ४ पेन्सिली दिल्या. आता त्यांच्याकडे किती पेन्सिली आहेत?’ तिने लिहिलं २४. पुस्तकात मागे उत्तर होतं ६. चूक आपलीच असणार असं समजून ती खोडायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे गणित इंग्रजीतून मराठीत आणलेलं होतं. मुळात ‘शी’ होतं, म्हणजे एकट्या बाई. मराठीत आपण बाईंना आदराने ‘त्यांच्याकडे’ म्हणतो आणि मुलांनाही ‘त्यांच्याकडे’च म्हणतो. पेन्सिली नुकत्याच मुलांच्या हातात गेल्या आहेत, त्यामुळे तिने मुलांकडच्या मोजल्या. ‘बाईंकडे किती पेन्सिली उरल्या?’ एवढं लिहिलं असतं तर प्रश्नच मिटला असता. निबंधात नाव पुन्हा पुन्हा आलेलं खटकतं, म्हणून आपला हात सर्वनामाकडे जातो. गणितात ती सवय सोडायलाच हवी. तीनदा ‘बाई’ आलं तरी चालेल.

गेली काही वर्षं मी प्राथमिकच्या शाब्दिक गणितांचं भाषांतर करते आहे. ज्या चुकांची मला खरी भीती वाटते त्या वाचताना दिसतच नाहीत. वाक्य अस्सल मराठी असतं, आकडे जसेच्या तसे असतात, फक्त गणित दुसरंच झालेलं असतं.

अशीच एक चूक माझ्या हातून झाली. ‘मीराने १२ लाडू ३ मैत्रिणींना सारखे वाटले. प्रत्येकीला किती मिळाले?’ मुलं १२ ला ३ ने भागणार, उत्तर ४. पण मुळात ‘शेअर्ड विथ’ होतं, म्हणजे मीराही खाणाऱ्यांत आहे. माणसं चार, उत्तर ३. आपल्याकडे ‘वाटले’ म्हटलं की वाटणारा स्वतःला धरत नाही. हळदीकुंकवाला वाण वाटणारी स्वतःला कुठे देते? इथे ‘मीरा आणि तिच्या ३ मैत्रिणींनी १२ लाडू सारखे वाटून घेतले’ असंच हवं. ही चूक दोन तपासण्यांतून सुटली, कारण १२ ला ३ नेही भाग जातो आणि ४ नेही. बाकी उरली असती तर कुणालातरी शंका आली असती.

तेव्हापासून मी तपासायची पद्धत बदलली. मूळ वाक्य आणि भाषांतर शेजारी ठेवून वाचलं की डोळा मुळातला अर्थ मराठीत आपोआप भरतो. म्हणून मूळ न पाहिलेल्या माणसाला फक्त मराठी गणित देते, त्याच्याकडून सोडवून घेते, नुसतं उत्तर नाही तर मांडणीही मागते, आणि मग ती मुळाशी ताडते. वाटणीचं गणित असेल तर तपासण्यापुरते १२ चे १६ करते. १६ ला ४ ने भाग जातो, ३ ने जात नाही, त्यामुळे चुकीचा अर्थ लगेच उघडा पडतो. छापताना आकडा पुन्हा १२.

विभक्तीच्या एका प्रत्ययाचंही तसंच. टाकीत ८०० लिटर पाणी होतं. ‘२०० लिटरने कमी झालं’ तर ६०० उरलं. ‘२०० लिटरवर आलं’ तर २०० उरलं. इंग्रजीतल्या ‘बाय’ आणि ‘टू’मधला हा फरक आपल्या ‘ने’ आणि ‘वर’ यांत स्वच्छ येतो. पण भाषांतर करणारा घाईत ‘२०० लिटर कमी झालं’ लिहितो आणि ‘टू’चं ‘बाय’ होऊन जातं.

एककांच्या बाबतीत मात्र मला सरसकट देशीकरण पटत नाही. डॉलरच्या जागी रुपये घातले की काम झालं, असं अनेकांना वाटतं. अमेरिकी गणितात ‘तिच्याकडे ७ क्वार्टर आहेत, एकूण किती डॉलर?’ असं येतं. क्वार्टर म्हणजे २५ सेंटचं नाणं. आपलं २५ पैशांचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं, आजच्या मुलांनी ते हातात धरलेलंच नाही. म्हणून आधी विचारायचं, हे गणित कशासाठी दिलंय? नाण्यांची ओळख हा हेतू असेल तर क्वार्टर तसंच ठेवावं आणि एका क्वार्टरचे २५ सेंट, १०० सेंटचा १ डॉलर, हे गणितातच सांगावं. हेतू पावाचा अपूर्णांक असेल तर मी लिहिते, ‘दुकानदाराकडे साखरेच्या पाव किलोच्या ७ पिशव्या आहेत. एकूण साखर किती किलो?’ आकडा तोच, पायऱ्या त्याच. आणि भाची पेन्सिल न उचलताच म्हणाली, पावणेदोन.