भरल्या वांग्याचा फोटो आणि न दिसणारे तेल

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना रोज कोणाच्या ना कोणाच्या जेवणाचे फोटो माझ्याकडे येतात आणि त्यांसोबत एकच प्रश्न असतो: "यात किती कॅलरी असतील?" या प्रश्नाला एक नेमका आकडा सांगून मोकळे होणे सोपे असते आणि विचारणाऱ्यालाही तेच हवे असते. फोटो घेऊन क्षणात "487" असे सांगणारी ॲप्सही आता पुष्कळांच्या हातात आहेत. परंतु घरच्या जेवणाच्या बाबतीत असा आकडा देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि त्याचे कारण भरल्या वांग्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही भाजीत दिसत नाही.

समजा, ताटात ज्वारीची एक भाकरी, दोन भरली वांगी, एक मूद भात, त्यावर अर्धी वाटी साधे वरण आणि थोडी काकडीची कोशिंबीर आहे. फोटोत वांगी सर्वांत ठसठशीत दिसतात आणि गंमत अशी की कॅलरींमध्ये त्यांचा वाटा जवळजवळ नसतोच. शंभर ग्रॅम वांग्यातून जेमतेम 25 कॅलरी मिळतात. आता चार माणसांसाठी ही भाजी कशी होते ते पाहू. आठ लहान वांगी, म्हणजे साधारण 400 ग्रॅम, आणि एक मोठा कांदा यांच्या मिळून सुमारे 140 कॅलरी होतात. सारणात अर्धी वाटी दाण्याचे कूट, म्हणजे अंदाजे 50 ग्रॅम, घातले तर त्याच्या 280. वीस ग्रॅम सुक्या खोबऱ्याच्या 130. मोठा चमचाभर तिळाच्या 50 आणि गुळाच्या लहानशा खड्याच्या 60. राहिले तेल. एका मोठ्या चमच्यात सुमारे साडेतेरा ग्रॅम तेल मावते आणि त्याच्या 120 कॅलरी होतात. दोन चमचे तेलात केलेली भाजी साधारण 900 कॅलरींची होते, चार चमच्यांत केलेली साडेअकराशेची. म्हणजे दोन वांग्यांच्या एका वाढीत 225 ते 290 कॅलरी असतात आणि त्यांतल्या प्रत्यक्ष वांग्याच्या फक्त 25.

या दोन भाज्यांचे फोटो शेजारी ठेवले तर फरक ओळखता येईल का? वर तेलाचा तवंग दिसला की पाहणारा लगेच "तेल जास्त आहे" म्हणतो, पण हा पुरावा फार कच्चा आहे. लाल तिखटाने रंगलेला तवंग थोड्या तेलातही मोठा दिसतो, कारण तो पृष्ठभागावर पसरतो आणि त्याची जाडी वरून समजत नाही. उलट कूट आणि खोबरे भरपूर असलेल्या रश्शात बरेच तेल मुरते आणि भाजी कोरडी, सोज्वळ दिसते. कढईच्या तळाशी राहिलेले तेल ज्याच्या ताटात शेवटी वाढले जाते त्याचा हिशेब आणखी वेगळा. याच कारणाने मी जेवणानंतरच्या रिकाम्या ताटाचाही फोटो मागते. ताटाला तेल राहिले असेल तर ते पोटात गेलेले नसते आणि तेवढे वजा करता येते.

पूर्ण ताटाचा अंदाज करताना मी दोन रकाने करते. पहिल्यात डोळ्यांना दिसणारे येते: भाकरी सुमारे 190, भात 140, वरण 70, वांगी, कांदा आणि काकडी मिळून 50, म्हणजे 450. हा रकाना बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो, तरी त्यातही भाकरीची जाडी नुसत्या वरून काढलेल्या फोटोत कळत नाही. म्हणून एक फोटो वरून आणि एक तिरका घ्यावा, शेजारी नेहमीचा चमचा ठेवावा, आणि घरची वाटी एकदा पाणी मोजून तिच्यात किती मिलिलिटर मावते ते कळवावे. दुसऱ्या रकान्यात गृहीत धरलेले येते: वांग्यातले तेल, कूट, खोबरे, तीळ आणि गूळ यांच्या 190 ते 250, वरणभातावर तुपाची धार असेल तर 45, नसेल तर शून्य, कोशिंबिरीत कूट आणि चिमूटभर साखर असेल तर 55, नसेल तर शून्य. भात कालवल्यानंतरच्या फोटोत तूप दिसत नाही आणि दह्यात मिसळलेले कूट ओळखणे अवघडच असते. एकूण अंदाज साधारण 650 ते 800 असा निघतो. मी तो तसाच, दोन टोकांसह लिहून देते आणि खाली काय धरले आहे तेही लिहिते: "भाजीत माणशी अर्धा ते एक मोठा चमचा तेल धरले आहे, तूप विचारून घ्यावे." ज्या अंदाजाखाली अशी ओळ नाही तो तपासता येत नाही आणि सुधारताही येत नाही.

तेल विचारले की उत्तर बहुधा "अगदी थोडे" असे येते. त्यात लपवाछपवी नसते. जेवणारा आणि रांधणारा पुष्कळदा वेगळे असतात, आणि रांधणाऱ्या काकू किंवा आई तेल चमच्याने मोजत नाहीत, पळीने ओततात. म्हणून "किती तेल घालता?" असे न विचारता "फोडणीची पळी पाण्याने भरून ते पाणी मोठ्या चमच्याने मोजाल का?" असे विचारावे. दोन मोठे चमचे मावणारी पळी अनेक घरांत असते, आणि ती एकदा मोजली की "एक पळी" या उत्तराला अर्थ येतो.

याहून भक्कम पडताळा तेलाच्या डब्यातून मिळतो. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी दिवसाला 30 ग्रॅम, म्हणजे सुमारे 270 कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. तळणीचे टाकून दिलेले तेल आणि पाहुण्यांचे जेवण यातून वजा करावे. फोटोंवरून केलेल्या अंदाजात दिवसाचे तेल 10 ग्रॅमच भरत असेल आणि डबा 30 सांगत असेल, तर मी डब्यावर विश्वास ठेवते.

न दिसणारे सगळे वाईटच असते, असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. याच भाजीतल्या कुटातून प्रत्येकाला सुमारे तीन ग्रॅम प्रथिने मिळतात आणि "वांग्याची भाजी" एवढीच नोंद केली तर तीही हिशेबातून गळतात. मधुमेहाच्या रुग्णांसाठी फोटो तुलनेने अधिक उपयोगी पडतो, कारण कर्बोदकांचा मोठा भाग भात आणि भाकरीत असतो आणि तो नजरेला दिसतो. रक्तदाब असलेल्यांना मात्र मी स्पष्ट सांगते की मीठ कोणत्याही फोटोत दिसत नाही, त्यासाठी फोटो पाठवू नये, महिन्याला मिठाची किती पाकिटे संपतात ते सांगावे.

एका घरात एकाच हाताचा स्वयंपाक असेल तर अंदाजातली चूक दररोज साधारण एकाच दिशेने होते, त्यामुळे या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना बरीच खरी ठरते. स्वयंपाकाचा हात बदलला, माहेरी जाणे झाले किंवा मेसचा डबा सुरू झाला, की जुनी गृहीतके चालत नाहीत. अशा वेळी फोटोबरोबर एवढे एक वाक्य नक्की पाठवावे: आज स्वयंपाक कोणी केला.