अडुसष्ट टक्के घर

काल संध्याकाळपासून बेळगावातल्या एका बोळात मी 'मोजणीवाला' म्हणून प्रसिद्ध आहे. माझा गुन्हा एवढाच, की मोबाईलच्या खेळातला एक दुर्मीळ प्राणी पकडायला गणपत गल्लीच्या मागं फोन समोर धरून उभा राहिलो.

मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस पाचेक मीटरच्या फरकानं जागा सांगतं. बोळात दोन्हीकडं तीन मजले आणि वर हातभर आभाळ. उपग्रहाचा सिग्नल थेट पोचत नाही, भिंतींवर आपटत लांबच्या वाटेनं येतो, आणि फोन त्या लांबलेल्या वाटेलाच खरं अंतर समजतो. मी खांबासारखा उभा, माझा बाहुला मात्र लोकांच्या न्हाणीघरांतून पळत होता. नक्की कुठं आहे ते बघायला नकाशा उघडला. ठिपक्याभोवती भलंमोठं फिकट निळं वर्तुळ.

कट्ट्यावरचे मामा उठलेच.

"याव ऑफीस री?" मी गप्प बघून मग मराठीत, "काय मोजायलायसा?"

"खेळ आहे, मामा."

"खेळच की! रस्ता रुंद करायचा म्हटला की खेळच असतोय. आमचं किती फूट जातंय?" त्यांनी पडद्यात डोकं घातलं. "हे निळं काय?"

"या वर्तुळात मी कुठंतरी आहे, असं फोन म्हणतोय."

"तुमी माझ्यासमोर हाय की! मग गोल माझ्या घरावर कशाला?"

मला गप्प बसता येत नाही. "तेही नक्की नाही मामा. अँड्रॉइडच्या हिशोबात मी वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्के."

मामा घराकडं वळून ओरडले, "अगं, ऐकलीस काय? अडुसष्ट टक्के जातंय म्हणं!"

मामी उतारा घेऊनच आल्या. हे कागद इकडं लोक किती हाताशी ठेवतात! इथं रेषा कागदावर सरकतात, हे घराघरात ठाऊक आहे. त्यांना तरी काय म्हणायचं?

निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून मी खेळातला कॅमेरा चालू केला. एरवी मी तो बंदच ठेवतो. उजळ पडदा आणि जीपीएस आधीच बॅटरी पितात, त्यात कॅमेऱ्याची भर कशाला? प्राणी नेमका मामांच्या उंबऱ्यावर दिसला. "दारात काय सोडलंसा?" मामी किंचाळल्या. चौकटीत सगळं मावावं म्हणून मी मागं सरकलो, तर पाठीमागून मोटरसायकलचा हॉर्न, आणि एक शिवी. पडद्याकडं बघत मागं सरकणं या खेळात सर्वांत घातक; पुढं चालताना निदान गटार दिसतं.

तेवढ्यात बॅटरी संपली.

"पुरावा पुसला!" मामा म्हणाले.

हाच खेळ किल्ला तलावाच्या काठी खेळलो असतो, तर ठिपका निमूट एका जागी राहिला असता. पण दुर्मीळ प्राणी तिथं निघत नाहीत ना! निघतात ते बोळात, आणि घरमालकांसकट.