१५ मिनिटं म्हणजे ११ मिनिटं

भाचीच्या संशोधनाचा छोटा सारांश, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट, एका परिषदेत निवडला गेला आणि रविवारी ती लॅपटॉप घेऊन ऐरोलीला आमच्याकडे आली. विषय आपल्या ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते नेरुळच्या पाणथळींवर येतात. किती येतात आणि भरतीच्या उंचीशी त्याचा काय संबंध, हे तिने मोजलंय. स्लाइड्स २६, वेळ १५ मिनिटं.

"मावशी, अ‍ॅबस्ट्रॅक्टमधल्या प्रत्येक वाक्याच्या तीन-चार स्लाइड्स केल्यात."

इथेच गाडं अडलं होतं. सात वाक्यांपैकी तीन पार्श्वभूमीची, दोन पद्धतीची, निष्कर्षांचं एकच. त्यामुळे फ्लेमिंगो काय खातात यावर ११ स्लाइड्स आणि तिच्या आकड्यांवर ४! माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅबस्ट्रॅक्ट निवड करणाऱ्यांसाठी असतो, विषय महत्त्वाचा आहे हे त्यांना पटवावं लागतं. सभागृहातला माणूस "मग काय सापडलं?" म्हणून बसलेला असतो. म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला मजकूर घ्यावा, त्यातली प्रमाणं घेऊ नयेत.

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे आम्ही हिशोब मांडला. १५ पैकी ३ मिनिटं प्रश्नांची. माइक, पॉइंटर, अडखळणं यासाठी एक मिनिट राखून उरली ११. सुरुवात निष्कर्षांपासून केली: ३ आलेख, ५ मिनिटं. आलेखाला मिनिटभर पुरत नाही, कारण अक्षांवर काय आहे ते सांगण्यातच वीस-तीस सेकंद जातात. मग शीर्षक १ स्लाइड, अर्धं मिनिट. पार्श्वभूमी २, दीड मिनिट. पद्धत २, दोन मिनिटं. मर्यादा १ आणि समारोप १, मिनिट-मिनिट. एकूण १० स्लाइड्स. पद्धतीचे बारीक तपशील शेवटच्या स्लाइडनंतर राखीव ठेवले, कोणी विचारलं तरच उघडायचे.

एक अडचण मात्र खरी होती. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये बांधकामाच्या आवाजाचा परिणामही सांगू असं लिहिलं होतं, आणि ती मोजणी झालीच नाही. तिला तो विषय गुपचूप गाळायचा होता. मी म्हटलं, अ‍ॅबस्ट्रॅक्ट छापील आहे, कोणीतरी विचारणारच. मर्यादांच्या स्लाइडवर एक वाक्य टाक आणि पुढे जा.

मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तालीम. पहिला आलेख ४:०० ला यायला हवा होता, आला ६:१० ला. सगळी गळती पार्श्वभूमीत: चिखलातल्या शेवाळावर बाईंचं प्रेम फार. तिथली तीन वाक्यं कापली. उशीर झालाच तर कुठला आलेख सोडायचा हेही आधीच ठरवलं: तिसरा, कारण त्याच्याशिवायही समारोप उभा राहतो. व्यासपीठावर असा निर्णय सुचत नाही, तिथे माणूस नुसता भरभर बोलतो.

तिसऱ्या तालमीत ११:२०. उडत्या थव्याचा फोटो तिने काही काढू दिला नाही. तो शीर्षकामागे गेला.